उद्दिष्ट लिहिण्याआधी अहवालाचा तक्ता आखा

प्रश्न: गुहागर तालुक्यात कातळसड्याखाली 43 घरांची आमची वाडी आहे. कड्याखालच्या एका झऱ्यावर सगळी भिस्त, आणि शिमगा झाला की हाल सुरू. झऱ्यावर टाकी बांधायची आणि सड्यावर चर खणायचे म्हणून आमच्या संस्थेने दोन वर्षांचा प्रस्ताव केला. उद्दिष्टं लिहिली ती अशी: वाडीची पाणीटंचाई दूर करणे, महिलांचे कष्ट कमी करणे, पाण्याबाबत जागृती करणे. ‘उद्दिष्टे मोजता येतील अशी लिहा’ असा शेरा मारून प्रस्ताव परत आलाय. पुढे अहवालात प्रत्येक उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही हे दाखवता येईल, असं ते लिहायचं कसं?

उत्तर:

एक कोरा कागद घ्या आणि दोन वर्षांनंतरच्या अंतिम अहवालातला तक्ता आत्ताच आखा. रकाने पाचच: उद्दिष्ट, सुरुवातीचा आकडा, ठरवलेला आकडा, प्रत्यक्ष आलेला आकडा, आणि शेवटी ‘पूर्ण झालं / नाही’. आता तुमचं पहिलं उद्दिष्ट, ‘पाणीटंचाई दूर करणे’, पहिल्या रकान्यात लिहा आणि पुढचे रकाने भरायला जा. तिथेच हात थांबेल. टंचाई किती होती? कुणाला होती? किती पाणी मिळालं की ती ‘दूर झाली’ म्हणायची? ज्यांनी प्रस्ताव परत पाठवला, त्यांचा हातही तिथेच थांबला.

मी पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच एक प्रस्ताव लिहिला होता, तुमच्यासारख्याच एका वाडीसाठी. तो मंजूरही झाला. काम मनापासून केलं. अहवालात बंधाऱ्यांचे फोटो होते, श्रमदानाचे फोटो होते, हंडा घेतलेल्या बायकांचे हसरे चेहरे होते. निधी देणाऱ्या संस्थेचे अधिकारी आले, झऱ्यापाशी उभे राहिले आणि विचारलं, “आधी किती पाणी होतं?” मी म्हटलं, “फार कमी.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या टप्प्याचे पैसे आले नाहीत. त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

म्हणून तुमच्याच वाडीचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ. घरांचा आकडा तुम्ही दिलात, बाकीचे आकडे मी नमुन्यादाखल धरतो. तुमचे तुम्ही मोजून घाला.

पहिला प्रश्न ‘कुणाला’ याचा, आणि कोकणात इथेच सगळ्यात जास्त घसरायला होतं. तुम्ही 43 घरं म्हणता, पण त्यांतली वर्षभर उघडी किती? समजा 14 घरांना कुलूप आहे, माणसं मुंबईला. राहती घरं 29, माणसं 116. मे महिन्यात चाकरमानी आले की तीच वाडी दुप्पट होते आणि दरडोई पाणी निम्म्यावर येतं, झरा तोच असताना. एका वर्षी एप्रिलमध्ये मोजलं आणि दुसऱ्या वर्षी मेमध्ये, तर तुमचं काम वाया गेलेलं दिसेल. उलट केलंत, तर न केलेल्या कामाचं श्रेय मिळेल. तेव्हा उद्दिष्टातच लिहा: ‘वर्षातले किमान दहा महिने वाडीत राहणारी 29 घरं, 116 माणसं’. घरांची यादी प्रस्तावाला जोडा. दोन वर्षांनी यादी तीच ठेवा, आणि मधे कुणी आलं-गेलं असेल तर ते यादीखाली नोंदवा.

दुसरा प्रश्न ‘किती’ याचा. यासाठी 15 लिटरची एक बादली आणि सेकंद दाखवणारा मोबाइल पुरतो. पहाटे कुणी पाण्यावर यायच्या आत झऱ्यावर जायचं, धारेखाली बादली लावायची, भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. असं तीनदा करून, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला धरायचा. समजा 300 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 3 लिटर, दिवसाला 4,320 लिटर.

यात एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. बहुतेक झऱ्यांचं पाणी एका धारेत येत नाही. थोडं पन्हळीतून पडतं, थोडं दगडांच्या फटींतून बाजूने झिरपून जातं. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा आकडा, मोजताना पन्हळ जुनी, आणि नंतर टाकीच्या कामात तुम्ही बाजूच्या फटी बुजवून सगळं पाणी एका पाइपात घेतलंत, तर दुसऱ्या मोजणीत झरा ‘वाढलेला’ दिसेल. तो वाढलेला नसेल, आधी निसटणारं पाणी आता बादलीत पडत असेल. म्हणून फटी बुजवणं आणि पाइप बसवणं हे काम बेसलाइनच्या आधी उरकून घ्या. त्यानंतर दोन वर्षं तोच पाइप, तीच जागा, तीच बादली. बादली फुटली तर नवी आणताना तिच्यात 15 लिटर कुठपर्यंत येतात याची खूण करून घ्या.

आता लोकांना प्रत्यक्ष किती मिळतं ते पाहू. रात्री आठ ते पहाटे सहा वाटेवर काळोख, बिबट्याची भीती, कुणी जात नाही. त्या दहा तासांचं 1,800 लिटर पाणी पऱ्यात वाहून जातं. उरलेल्या चौदा तासांचं 2,520 लिटर वाडीला मिळतं. याची खातरजमा हंडे मोजून करा. वाडीतल्या एखाद्या दहावी-बारावीच्या मुलीला वही देऊन दिवसभर झऱ्यावर बसवा. प्रत्येक हंड्यामागे एक रेघ. हंड्यात 14 लिटर मावतात असं धरलं, तर 180 हंडे व्हायला हवेत. तिच्या वहीत 170 ते 190 रेघा आल्या तर तुमचं गणित जमिनीवर आहे. 120 च आल्या, तर कुठेतरी पाणी निसटतंय किंवा कुणी दुसऱ्या विहिरीवर जातंय, ते आधी शोधा. 2,520 ला 116 ने भागा: दरडोई दिवसाला सुमारे 22 लिटर. ही तुमची टंचाई. आता तिला आकडा मिळाला.

मग ठरवायचा आकडा. इथे बरेच जण ‘50 टक्के वाढ’ असं लिहून मोकळे होतात, कारण तो आकडा कानाला बरा वाटतो. तसं करू नका. आकडा कामातून निघायला हवा. तुमची दोन कामं आहेत, टाकी आणि चर, आणि दोघांचा भरवसा सारखा नाही. टाकी रात्रीचं पाणी साठवते. ते 1,800 लिटर आजही झऱ्यातून येतंच आहे. टाकी गळली नाही तर ते मिळणारच. म्हणजे झरा एक थेंबही वाढला नाही तरी वाडीला 4,320 लिटर, दरडोई 37. थोडी गळती आणि सांडलवंड सोडून 35 लिटर लिहा. हे वचन तुम्ही छातीठोकपणे देऊ शकता.

चरांचं तसं नाही. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. तुम्ही खणलेल्या चरातलं पाणी याच झऱ्याला येईल, की भेगांमधून सड्याच्या पलीकडच्या अंगाला निघून जाईल, हे खणायच्या आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, आणि मुरलेलं पाणी दिवाळीपर्यंत भराभरा निघून जातं. प्रश्न एप्रिलपर्यंत किती टिकतं याचा आहे. म्हणून चरांचं उद्दिष्ट टाकीच्या उद्दिष्टात मिसळू नका. ते वेगळं आणि बेताचं लिहा: धार मिनिटाला 3 लिटरवरून 3.6 वर, म्हणजे तीच बादली 250 सेकंदांत भरेल.

जलजीवन मिशनचा निकष दरडोई दिवसाला 55 लिटरचा आहे. तिथे पोचायला तुमच्या झऱ्याची धार मिनिटाला साडेचार लिटर लागेल, म्हणजे आजच्या दीडपट. प्रस्तावात 55 लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका, पण दडवूही नका. ‘या प्रकल्पाने 35 लिटरपर्यंत खात्रीने पोचता येते, 55 च्या निकषाला अंतर उरते’ असं सरळ वाक्य घाला. प्रस्ताव तपासणारा माणूस ते वाक्य वाचून तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न ‘केव्हा’ याचा. बहुतेकांच्या प्रस्तावात 31 मे असतो, कारण टंचाई मेअखेर सगळ्यात जास्त असते असं आपण धरून चालतो. ही तारीख धोक्याची आहे. 2021 साली मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं आणि पाऊस पाडून गेलं. 2025 साली तर मान्सूनच 25 मेला दक्षिण कोकणात पोचला. त्या वर्षी 31 मेला झऱ्यावर गेला असता तर एकही चर न खणता उद्दिष्ट पूर्ण झालं असतं, आणि त्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी आता 15 ते 21 एप्रिल हा आठवडा धरतो. तेव्हा झरा बारीक झालेला असतो, चाकरमानी अजून यायचे असतात, आणि मोठा पाऊस सहसा नसतो. अवकाळी सर आलीच तर काय करायचं तेही आधीच लिहा: ‘सर आल्यास मोजणी दहा दिवस पुढे.’ सात दिवस रोज पहाटे मोजा आणि सात आकड्यांतला मधला घ्या.

इतकं झाल्यावर उद्दिष्टाचं वाक्य असं होतं:

‘प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षी 15 ते 21 एप्रिल या आठवड्यात, यादीतील 29 घरांतल्या 116 माणसांना या झऱ्यातून दरडोई दररोज किमान 35 लिटर पाणी मिळेल. सुरुवातीचा आकडा 22 लिटर. मोजणी टाकीच्या तोटीवरील मीटरने, पाणी समितीच्या दोन सदस्यांकडून, नोंदवहीत सहीसह. 35 किंवा अधिक: पूर्ण. 28 ते 34: अंशतः. त्याखाली: अपूर्ण.’

शेवटची तीन छोटी वाक्यं गाळू नका. ‘अंशतः पूर्ण’ कशाला म्हणायचं हे प्रकल्प संपल्यावर ठरवायला बसलं की माणूस आपल्या बाजूने ठरवतो. तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. दोन वर्षं राबलेलं असतं, त्यामुळे 27 सुद्धा पुरेसे वाटू लागतात. आणि मोजणार कोण, तेही वाक्यातच हवं. उद्दिष्टं तपासायची ‘स्मार्ट’ ही पाच इंग्रजी आद्याक्षरांची कसोटी तुम्ही ऐकली असेल. जॉर्ज डोरन यांनी 1981 साली ती मांडली, तेव्हा तिच्यातला ‘ए’ हा जबाबदारी कुणावर सोपवली आहे याचा होता. पुढे लोकांनी तिथे ‘साध्य होण्याजोगं’ असा अर्थ बसवला. मला डोरनचा मूळ ‘ए’ जास्त उपयोगी वाटतो. ज्या आकड्यामागे माणसाचं नाव नसतं, तो दोन वर्षांनी कुणाच्याच वहीत सापडत नाही.

‘एक टाकी बांधणे, 40 चर खणणे’ हे मात्र उद्दिष्टांत लिहू नका. ती कामं आहेत, त्यांचा वेगळा तक्ता असतो. चाळीसच्या चाळीस चर खणूनही झरा तसाच राहू शकतो. कामांच्या तक्त्यात ‘40 पैकी 40’ आणि उद्दिष्टाच्या तक्त्यात ‘अपूर्ण’ असं एकाच अहवालात येऊ शकतं, आणि ते आलं तर तसंच लिहायचं.

आता महिलांचे कष्ट. इथे घरोघर जाऊन ‘कष्ट कमी झाले का?’ असं विचारू नका. तुम्ही टाकी बांधून दिलीत, त्यांच्या ओटीवर बसून चहा घेतलात, तुमच्या तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल? वेळ मोजा. वहीवाल्या मुलीने हंड्याची रेघ मारताना बाई झऱ्यावर कधी आली आणि कधी परतली एवढं लिहायचं. मिनिटाला 3 लिटर धारेखाली 14 लिटरचा हंडा भरायला पावणेपाच मिनिटं लागतात. एका घराचे सहा हंडे म्हणजे अठ्ठावीस मिनिटं नुसतं भरणं, आणि पुढे चार जणी असल्या की दीड-दोन तास. तीन दिवसांच्या नोंदीवरून घरटी रोजचा वेळ काढा आणि ते आकडे चढत्या क्रमाने लावा. समजा मधल्या घराचा 95 मिनिटं आला. टाकीच्या तोटीखाली तोच हंडा मिनिटभरात भरतो, म्हणून ‘मधलं घर 40 मिनिटांच्या आत’ हे उद्दिष्ट हिशेबात बसतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. वाडीच्या वरच्या अंगाला एखादी म्हातारी एकटी राहत असते, ती दोन कळश्यांसाठी तीन तास घालवत असते. बाकीच्या अठ्ठावीस घरांचा वेळ घटला की मधला आकडा सुंदर दिसतो आणि ती तशीच राहते. म्हणून जोडीला लिहा: ‘कोणत्याही घराला 75 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.’ हे वाक्य लिहिलंत की टाकीची तोटी कुठे काढायची, याचा विचार आपोआप तिच्या घराकडून सुरू होतो.

जागृतीचं उद्दिष्ट मी काढून टाकीन. ठेवायचंच असेल, तर जागृत माणूस काय करताना दिसेल ते लिहा. उदाहरणार्थ, टाकीच्या देखभालीची मासिक वर्गणी शेवटचे सहा महिने सलग देणारी घरं 29 पैकी किमान 24, पुरावा पावतीपुस्तक. ‘चार मेळावे घेतले’ हा जागृतीचा पुरावा नव्हे.

पावसाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अहवाल वाचणारा नक्की विचारेल. धार वाढली तर ‘यंदा पाऊस चांगला होता’, घटली तर तुम्ही म्हणाल ‘यंदा पाऊस कमी होता’. दोन्ही वाद आत्ताच मिटवता येतात. याच सड्याखाली शेजारच्या वाडीचा एखादा झरा निवडा, जिथे तुम्ही काहीच करणार नाही आहात, आणि तोही त्याच आठवड्यात त्याच पद्धतीने मोजा. तो चरांपासून इतका लांब हवा की तुमचं पाणी त्याला जाणार नाही. त्या वाडीला आधी विचारा आणि आकडे त्यांनाही द्या. जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद जोडा.

समजा दुसऱ्या वर्षी तुमचा झरा 3 वरून 3.3 लिटरवर गेला आणि शेजारचा 4 वरून 3 वर आला. अहवालात असं लिहायचं: ‘झऱ्याची धार: ठरवलेली 3.6, आलेली 3.3, अपूर्ण. याच काळात काम न केलेल्या शेजारच्या झऱ्याची धार चौथ्या हिश्शाने घटली.’ शेजारच्या झऱ्याच्या आधाराने ‘अपूर्ण’चं ‘पूर्ण’ करू नका. आकडा आकड्याच्या जागी, स्पष्टीकरण त्याच्या शेजारी. एकाच झऱ्याच्या तुलनेवरून चरांमुळेच धार टिकली असंही ठामपणे म्हणता येत नाही, फक्त तसं दिसतं एवढंच म्हणता येतं. त्याच अहवालात 3.3 लिटरच्या धारेवर दिवसाला 4,752 लिटर, दरडोई 41 निघतं. तोटीच्या मीटरने 35 च्या वर दाखवलं, तर पाण्याचं उद्दिष्ट पूर्ण. दोन उद्दिष्टं वेगळी लिहिली होती म्हणून हे दिसलं.

आता तुमच्या वेळापत्रकाचं. प्रस्ताव पावसाळ्यात जात असेल तर आत्ता झरा धो-धो वाहत असेल आणि एप्रिलचा आकडा तुमच्याकडे नसेल. अंदाजाने टाकू नका. धारेच्या उद्दिष्टात ‘बेसलाइनच्या किमान 1.2 पट’ असं प्रमाण लिहा, आणि पहिल्या एप्रिलमध्ये मोजून प्रत्यक्ष आकडा मेच्या मध्यापर्यंत लेखी कळवू असं नमूद करा. मग कामाचा क्रम असा येतो: मार्चमध्ये पाइप, एप्रिलमध्ये मोजणी, त्यानंतरच टाकी आणि चर, पाऊस सुरू व्हायच्या आत. मंजुरी जानेवारीत आली आणि लोक लगेच चर खणायला उत्सुक असले, तरी चरांचं काम मोजणीनंतरच. पण टाकीचं साहित्य आणून ठेवायला हरकत नाही.

आणि अंदाजपत्रकात मोजणीची ओळ घाला. बादली, वह्या, तोटीवरचं मीटर, वही घेऊन बसणाऱ्या मुलीचं दोन एप्रिलचं मानधन, शेजारच्या झऱ्यावर जाणाऱ्या माणसाचा रोज. रक्कम लहान असते, पण ती ओळ नसली की एप्रिलच्या त्या आठवड्यात सगळे आंब्याच्या कामाला गेलेले असतात आणि झऱ्यावर कुणी नसतं.